सरासरीच्या मागे लपलेली शेपटी: आकड्यांत भूक शोधणारे डॉ. पां. वा. सुखात्मे

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकलेल्या कुणालाही विचारा, ‘पानसे-सुखात्मे’ म्हटलं की पुस्तक आठवतं. शेतीसाठी संख्याशास्त्र शिकवणारं हे पुस्तक 1954 साली आलं. त्यातले सुखात्मे म्हणजे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

त्यांचा जन्म 1911 सालचा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला गेले. याच कॉलेजात कार्ल पिअर्सन यांनी स्क्यूनेस आणि कर्टोसिस ही मापं रुळवली होती. सुखात्मेंचं तिथलं एक काम याच मापांच्या मुळाशी जातं: नमुना छोटा असेल, तर अशा आकड्यांवर भरवसा किती ठेवायचा?

ही मापं सांगतात काय?

वऱ्हाडातलं एक काल्पनिक गाव घेऊ. दहा शेतकऱ्यांचा एकरी कापूस, क्विंटलमध्ये: 3, 3, 3, 4, 4, 4, 5, 5, 6 आणि 13. शेवटच्याकडे विहीर आहे, ठिबक आहे. बाकीचे कोरडवाहू.

सरासरी येते 5. पण दहापैकी सहा जणांना 5 पेक्षा कमी पिकलंय.

स्क्यूनेस ही गडबड पकडतो. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते काढायचं, त्याचा घन करायचा आणि त्या घनांची सरासरी घ्यायची. मग तिला प्रमाण विचलनाच्या घनाने भागायचं. दोन्ही बाजू सारख्या असतील तर उत्तर शून्य येतं. इथे येतं सुमारे 2.15, म्हणजे उजवीकडे लांब शेपटी.

कर्टोसिसमध्ये घनाऐवजी चौथा घात घेतात. घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वक्रासाठी हे उत्तर 3 असतं, आपल्या गावात 6.48. अनेकजण याला शिखराच्या टोकदारपणाचं माप समजतात. खरं तर ते शेपट्यांचं माप आहे. इथे चौथ्या घातांची बेरीज 4148 आहे, त्यातले 4096 एकट्या विहीरवाल्याचे!

धोकाही इथेच आहे. तो एक शेतकरी वगळला, तर स्क्यूनेस 0.46 वर आणि कर्टोसिस 2.11 वर येतो. म्हणून आकडा मोठा आला की आधी वही तपासायची: ते 13 खरं आहे, की 3 लिहिताना चुकून पुढे 1 पडला? शिवाय या पद्धतीने दहा नोंदींचा स्क्यूनेस 2.67 च्या वर जाऊच शकत नाही. थोड्या नोंदींतून शेपटी पुरती दिसत नाही.

शेतातून भुकेकडे

1940 साली सुखात्मे कृषी संशोधन परिषदेत आले. तोवर पिकाचा अंदाज बराचसा नजरेने, आणेवारीने ठरायचा. त्याऐवजी चिठ्ठी टाकल्यासारखं गाव, शेत आणि शेतातला तुकडा निवडून तिथलं पीक मोजायचं, ही पद्धत त्यांनी रुजवली. कापसासाठी असंच काम डॉ. वि. गो. पानसे यांनी केलं, अकोला जिल्ह्यातही. कपाशीची वेचणी एकदाच होत नाही, त्यामुळे निवडलेल्या तुकड्यावर प्रत्येक वेचणीला लक्ष ठेवावं लागायचं.

1951 मध्ये सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत, रोमला गेले. तिथे प्रश्न होता: जगात उपाशी किती? माणशी सरासरी उष्मांक पुरेसे दिसले, तरी डाव्या शेपटीत लोक उपाशी असू शकतात. त्यांनी देशाच्या सरासरीसोबत आहाराचा फैलावही हिशोबात धरला. 1961 च्या निबंधात त्यांनी जगातली 10 ते 15 टक्के माणसं अर्धपोटी असल्याचा अंदाज मांडला.

पुढे पुण्यात परतल्यावर वाद पेटला. एकाच माणसाची गरज दिवसागणिक कमी-जास्त होते, म्हणून सरासरी गरजेच्या खालचा प्रत्येकजण कुपोषित धरू नये, रेषा आणखी डावीकडे हवी, असं ते म्हणत. रेषा सरकली की उपाशी माणसांची संख्या झपकन घटते. वि. म. दांडेकरांसारख्या अर्थशास्त्रज्ञांनी त्याला कडाडून विरोध केला.

1997 मध्ये सुखात्मे गेले. 2012 पासून अन्न व कृषी संघटना भूक मोजताना देशागणिक स्क्यूनेस बदलू शकेल असा वक्र वापरू लागली. कारण सरासरी आणि फैलाव तेच ठेवून फक्त वक्राचा कल बदलला, तरी रेषेच्या डावीकडची माणसं कमी-जास्त होतात. आपल्या गावातही तेच आहे: 5 क्विंटलची सरासरी ऐकून 3 क्विंटलवाले तिघे कुणाला दिसणार नाहीत.