वाकणाऱ्या शाफ्टचा शोधक : गुस्ताफ द लावाल

जाड आणि ताठ वस्तू मजबूत, बारीक आणि लवचिक वस्तू कमकुवत, असे आपण सहज म्हणतो. स्वीडनच्या एका अभियंत्याने नेमके उलटे करून दाखवले. त्यांचे नाव गुस्ताफ द लावाल.

त्यांचा जन्म ९ मे १८४५ रोजी स्वीडनमधील ओर्सा या गावी झाला. उप्साला विद्यापीठातून १८७२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १८७८ मध्ये त्यांनी दुधातील मलई वेगळी करणारे यंत्र तयार केले. त्यातले भांडे मिनिटाला हजारो फेरे घेत असे. असे वेगवान यंत्र चालवण्याच्या विचारातून ते वाफेच्या टर्बाइनकडे वळले.

त्यांच्या टर्बाइनमध्ये वाफेचा झोत सेकंदाला सुमारे एक किलोमीटर वेगाने चाकाच्या पात्यांवर आदळे. त्या झोताचा उपयोग करून घ्यायचा तर चाकही फार वेगाने फिरायला हवे. त्यांच्या लहान टर्बाइनचे चाक मिनिटाला ३०,००० फेरे घेई. इथेच खरी अडचण होती.

कोणतेही चाक कितीही काळजीने बनवले तरी त्याचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या मध्यरेषेपासून केसभर सरकलेला असतोच. चाक फिरू लागले की हा केसभर फरक शाफ्टला बाहेर ओढतो. शाफ्ट थोडा वाकतो, गुरुत्वमध्य आणखी दूर जातो आणि ओढ वाढते. शाफ्टचा ताठपणा त्याला सरळ करू पाहतो. पण वेग दुप्पट झाला की बाहेरची ओढ चौपट होते. एका ठराविक वेगाला शाफ्टचा ताठपणा पुरा पडत नाही. शाफ्ट धनुष्यासारखा वाकून गरगर फिरतो, बेअरिंग तापतात आणि वेळीच थांबवले नाही तर शाफ्ट मोडतो. या वेगाला क्रांतिक वेग म्हणतात.

तो काढण्याची रीत सोपी आहे. मधोमध चाक बसवलेला, वजनाने हलका शाफ्ट आडवा ठेवला आणि चाकाच्या भाराने तो १ मिलिमीटर खाली वाकला, तर त्याचा क्रांतिक वेग मिनिटाला सुमारे ९४५ फेरे येतो. त्याच जाडीच्या शाफ्टची लांबी दुप्पट केली तर तो ८ मिलिमीटर वाकतो आणि क्रांतिक वेग सुमारे ३३५ फेऱ्यांवर उतरतो. लांब शाफ्ट लवकर डोलू लागतो तो यामुळेच. म्हणून ट्रक आणि बसचा लांब शाफ्ट दोन तुकड्यांत करून मध्ये बेअरिंगचा आधार देतात.

आता पहिल्याच शाफ्टवरील चाकाचा गुरुत्वमध्य ०.१ मिलिमीटर सरकलेला आहे असे धरू. क्रांतिक वेगाच्या निम्म्या वेगाला शाफ्ट जेमतेम ०.०३ मिलिमीटर वाकतो. वेग नव्वद टक्क्यांवर गेला की ०.४ आणि पंच्याण्णव टक्क्यांवर ०.९ मिलिमीटर! शेवटच्या थोड्याशा वाढीत वाक दुपटीहून अधिक होतो.

ब्रिटिश अभियंते रँकिन यांनी १८६९ मध्ये या प्रश्नाचा अभ्यास केला होता. क्रांतिक वेगाच्या पुढे शाफ्ट चालवताच येणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. मग शाफ्ट जाड करून क्रांतिक वेग वर न्यावा, एवढाच मार्ग दिसत होता. पण ३०,००० फेऱ्यांच्या वर तो नेणे फार अवघड होते.

द लावाल यांनी शाफ्ट मुद्दाम बारीक आणि लवचिक केला. त्यामुळे क्रांतिक वेग खूप खाली आला आणि टर्बाइन सुरू होताच तो झटकन ओलांडू लागले. त्यापुढे चाक शांतपणे फिरू लागले. कारण क्रांतिक वेगाच्या वर चाकाची जड बाजू बाहेर न राहता आत येते. आपल्या उदाहरणात वेग क्रांतिक वेगाच्या दुप्पट झाला की गुरुत्वमध्य मध्यरेषेपासून केवळ ०.०३ मिलिमीटर उरतो, आणि वेग वाढेल तसा तो आणखी जवळ येतो.

यात एक पथ्य मात्र पाळावे लागते. वाकायला थोडा वेळ लागतो, म्हणून क्रांतिक वेग रेंगाळत न राहता पार करावा लागतो. सुरू करताना आणि बंद करताना, दोन्ही वेळा. यंत्र एका ठराविक वेगाला जोरात थरथरून पुढे शांत होत असेल, तर तो वेग क्रांतिक आहे असे ओळखावे.

हे असे का घडते, याची गणिती उकल जर्मनीतील फोप्पल यांनी १८९५ मध्ये मांडली. यंत्र आधी चालले, सिद्धांत मागून आला.

द लावाल यांनी अनेक उद्योग काढले, पण पैसा टिकला नाही. २ फेब्रुवारी १९१३ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले तेव्हा ते आर्थिक अडचणीत होते. मात्र हलका शाफ्ट आणि मधोमध एक चाक, ही अभ्यासाची साधी मांडणी आजही लावाल रोटर याच नावाने शिकवली जाते.