एकाच दिवसात दोनदा हरलेला सट्टेबाज

जेसी लिव्हरमोरचा जन्म १८७७ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. कोवळ्या वयातच तो बॉस्टनच्या एका दलालपेढीत फळ्यावर भाव लिहू लागला आणि लवकरच 'बकेट शॉप'मध्ये स्वतः पैसे लावू लागला. तेथे समभाग प्रत्यक्ष घेतले जात नसत. आपल्याकडील डब्बा व्यवहाराप्रमाणे केवळ भावावर पैज लागे. भाव विरुद्ध जाऊन अनामत संपली की सौदा आपोआप बंद होई. ही सोय पेढीसाठी होती, पण तिने या पोराच्या तोट्यालाही कुंपण घातले होते. न्यूयॉर्कच्या खऱ्या बाजारात हे कुंपण उरले नाही.

९ मे १९०१ रोजी नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या मालकीवरून बाजारात हाहाकार माजला. लिव्हरमोरपाशी तेव्हा सुमारे ५० हजार डॉलर होते. भाव कोसळणार हा त्याचा अंदाज अचूक ठरला. परंतु टिकरची पट्टी मागे पडल्याने त्याची विक्री अपेक्षेपेक्षा फारच खालच्या भावाने झाली. तेव्हा त्याने मंदी सोडून तत्काळ खरेदीचा पवित्रा घेतला. तीही महाग पडली आणि संध्याकाळपर्यंत सारे भांडवल गेले. पहिला फटका यंत्राचा म्हणता येईल, दुसरा मात्र त्याचा स्वतःचा.

सूडाच्या सौद्याची खूण नेमकी हीच. तो तोट्यानंतर काही मिनिटांतच होतो, बहुधा आधीपेक्षा मोठा असतो आणि त्याचे कारण बाजारात नसून खात्यातील वजाबाकीत असते. ५० हजारांवर दिवसाची मर्यादा दोन टक्के, म्हणजे १००० डॉलर, आणि प्रत्येक सौद्यात जोखीम २५० धरली, तर चार फटक्यांनंतर काम थांबते. उघड्या सौद्यांतील तोटाही त्यातच मोजायचा, आकडा बाजार उघडण्यापूर्वी ठरवायचा आणि दिवसभरात बदलायचा नाही. त्या ९ मेला ही मर्यादा पहिल्याच विक्रीत ओलांडली गेली असती, कारण आदेश उशिरा पुरे होत होते. तरी दुसरा सौदा टळला असता.

१९०७ च्या मंदीत लाखो डॉलर मिळवून १९०८ मध्ये त्याने कापसात पुन्हा तेच केले. नफ्यातला गहू विकला, तोट्यातला कापूस वाढवत नेला. पुढे दिवाळे निघाले. १९१५ मध्ये एका दलालाने ५०० समभागांपुरती उधारी दिली, तेव्हा मात्र तो सुमारे सहा आठवडे एकही सौदा न करता केवळ पट्टी वाचत राहिला आणि मग बेथलेहेम स्टील ९८ च्या आसपास घेतले. १९१७ पर्यंत त्याने जुनी देणी फेडली. १९२९ च्या पडझडीत प्रचंड धन मिळवूनही १९३४ मध्ये तो पुन्हा दिवाळखोर झाला. २८ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात त्याने जीवन संपवले.