कै. गणपत कृष्णाजी

मराठी मुद्रणाचे आद्य पुरुष कै. गणपत कृष्णाजी हे आपल्या भंडारी ज्ञातीतले. मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील कामे पाहून त्यांनी स्वतःचा शिळाप्रेस उभारला आणि इ. स. १८३१ मध्ये, म्हणजे शके १७५३ चे, मराठी पंचांग छापून काढले.

तोवर पंचांग हाताने लिहिलेले असे, आणि छापील पुस्तके बहुधा मिशनऱ्यांची. शिवाय छापण्याच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातील मंडळी छापील पोथीस शिवत नसत. ही अडचण केवळ शब्दांनी सुटणारी नव्हती. शिळाछापात ओला दगड शाई झिडकारतो व स्निग्ध अक्षर ती धरते. तेव्हा स्निग्धांश गाळणे अशक्यच. गणपतरावांनी तो गाळला नाही, बदलला. चरबीच्या जागी तूप घातले.

त्यामुळे हे पंचांग निराळे का, हे घेणारास एका वाक्यात सांगता येई : याची शाई तुपाची आहे. मात्र शाई विकतची असती तर या वाक्यावर विश्वास कोणी ठेवला असता? ती ते स्वतः करीत, हीच त्यातली मेख होय.

पुढे १८६९ मध्ये जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना निघाला. तोवर छापील पोथीचा विटाळ बराच ओसरला होता. त्यांची कीर्ती झाली ती सुबक टाइपामुळे.